जामिनाची सुनावणी पहिल्यांदा बघायला जाताना: सोलापूरच्या कोर्टातल्या एका आठवड्याची डायरी

लॉच्या तिसऱ्या वर्षाला इंटर्नशिपसाठी मी एका वकील मॅडमकडे रुजू झाले. मॅडम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातर्फेही केसेस बघतात. पहिल्याच सोमवारी त्यांनी मला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या एका कोर्टात बसवलं आणि म्हणाल्या, "आठवडाभर फक्त जामीन बघ. रोज रात्री लिहून काढ."

त्या डायरीतून हा लेख केला आहे. जे मला बुधवारी कळलं ते सोमवारीच माहीत असतं, तर आठवडा जास्त उपयोगी गेला असता. आठवडाभरात वीसेक अर्ज पाहिले, पण इथे एकाच मुलाची केस शेवटपर्यंत सांगते. नाव आणि ओळख पटेल असं काही देत नाही. बाविशीचा मुलगा, मूळ कर्नाटकातल्या इंडी तालुक्यातला, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला. आरोप असा की स्टँडजवळच्या चहाच्या गाड्यावर ठेवलेला दुसऱ्याचा १६ हजारांचा मोबाइल त्याने उचलला. शनिवारी संध्याकाळी अटक, रविवारी सुट्टीच्या कोर्टापुढे हजर, एक दिवसाची पोलीस कोठडी. सोमवारी, माझ्या पहिल्या दिवशी, त्याला पुन्हा आणलं.

१. जाताना काय जवळ ठेवायचं

कॉलेजचं पत्र आणि ओळखपत्र. गेटवर आणि कधी कधी कोर्टाच्या दारातही विचारतात. एक जाड वही, कारण डायसपुढे मोबाइलवर टिपणं घेता येत नाहीत. मोबाइल बंद करून पिशवीत ठेवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे बीएनएसएस, याची छोटी प्रत. पांढरा-काळा साधा पोशाख पुरे. बँड लावू नका, तो सनद मिळालेल्या वकिलांचा.

जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता, म्हणजे सीआरपीसी, पाठ असेल तर १ जुलै २०२४ पासून कलमांचे आकडे बदलले आहेत, पण बोलताना अनेक वकील अजून ४३७, ४३९ असंच म्हणतात. पहिल्या पानावर इतकं लिहून ठेवा: जामीनपात्र गुन्ह्यातला जामीन जुना ४३६, आता ४७८. अजामीनपात्र गुन्ह्यात न्यायदंडाधिकाऱ्यांकडचा जामीन जुना ४३७, आता ४८०. सत्र न्यायालय आणि उच्च न्यायालयाकडचा ४३९, आता ४८३. रिमांड, म्हणजे आरोपीला कोठडीत पाठवणं, १६७ होतं, ते १८७ झालं. पहिल्या आठवड्याला एवढं पुरतं.

२. बोर्ड वाचा, पण रिमांडची वाट बघा

दाराबाहेर लावलेल्या यादीला बोर्ड म्हणतात. तोच बोर्ड ई-कोर्ट्सच्या services.ecourts.gov.in या साइटवरही दिसतो. मी सोमवारी साडेदहाला जाऊन बोर्ड उतरवून घेतला आणि त्यात आमच्या मुलाचं नाव नव्हतं. नवीन अटकेतले आरोपी असे सकाळच्या बोर्डवर सापडत नाहीत. पोलीस त्यांना घेऊन येतात, रिमांड रिपोर्ट देतात आणि कोर्टाच्या सोयीने ते मध्येच घेतलं जातं. म्हणून बाहेर कैदी पार्टी, म्हणजे आरोपींना घेऊन आलेले पोलीस, दिसली की आत जाऊन बसा.

इथे दोन शब्द सतत कानावर पडतात. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी आणि एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी. पीसीआरमध्ये आरोपी पोलिसांच्या ताब्यात असतो, एमसीआर झाली की तुरुंगात जातो. मॅजिस्ट्रेट कोर्टात जामिनाचा अर्ज सहसा एमसीआर झाल्यावर पुढे सरकतो. पोलिसांना चौकशीसाठी आरोपी हवा असताना दिलेला अर्ज बहुतेक वेळा तसाच थांबून राहतो.

सोमवारी तपासी अंमलदारांनी आणखी पोलीस कोठडी मागितली नाही. मोबाइल जप्त झाला होता, पंचनामा झाला होता. चौदा दिवसांची न्यायालयीन कोठडी झाली आणि मॅडमनी लगेच अर्ज पुढे केला. मुलाची आई मागच्या बाकावर होती. ती कन्नडच बोलते, मराठी मोडकी. "एमसीआर" ऐकून तिला वाटलं शिक्षाच झाली. तिच्याशेजारी बसून समजावून सांगायला मला पाच मिनिटं लागली. त्या पाच मिनिटांत मी वहीत काही लिहिलं नाही याचं मला वाईट वाटत नाही.

३. अर्जावर पहिल्या दिवशी निकाल नसतो, "म्हणणे" मागवतात

अर्ज दिला की साहेब त्यावर सरकार पक्षाचं म्हणणे मागवतात. अर्ज सहायक सरकारी वकिलांकडे जातो, ते तपासी अंमलदाराचं म्हणणे घेतात आणि मग त्यावर स्वतःची हरकत लिहितात. अर्जाला निशाणी क्रमांक पडतो. पुढचा आदेश "निशाणी १ खालील आदेश" अशा नावाने निघतो. पहिल्यांदा ऐकताना हे कळत नाही, म्हणून सांगून ठेवते.

मंगळवारी म्हणणे आलंच नाही. अंमलदार दुसऱ्या बंदोबस्तावर होते. पुकारा झाला, तारीख बुधवारची पडली. साधा एक दिवस, पण आत तुरुंगात मुलगा आणि इकडे कामावर खाडा करून आलेली आई. तुम्ही वकिलांबरोबर काम करत असाल तर इथे खरी मदत करता येते: सकाळीच सरकारी वकिलांच्या कार्यालयात जाऊन म्हणणे आलं का ते नम्रपणे विचारा, आणि नसेल तर आपल्या वकिलांना लगेच कळवा. बुधवारी मी तेच केलं आणि म्हणणे साडेअकराला फायलीत होतं.

४. युक्तिवाद ऐकताना काय टिपायचं

माझ्या डोक्यात सिनेमातलं कोर्ट होतं. आमच्या अर्जाचा युक्तिवाद आठ मिनिटांत संपला आणि तेवढ्यात तीन गोष्टींवर बोलणं झालं. वहीत तेच तीन रकाने पाडा.

पहिला रकाना गुन्ह्याचा. कलम कोणतं, शिक्षा किती, मॅजिस्ट्रेट जामीन देऊ शकतात का. आमच्या केसमध्ये भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३(२), साधी चोरी, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. चोरीच्या मालाची किंमत पाच हजारांपेक्षा कमी असेल तर हाच गुन्हा जामीनपात्र होतो, म्हणून किंमत कुठे लिहिली आहे ती बघत चला. मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यात मॅजिस्ट्रेटना जामिनाचा अधिकार फार मर्यादित आहे. आरोपी स्त्री, मूल, आजारी किंवा अशक्त असेल तर मात्र तिथेही त्यांना जामीन देता येतो.

दुसरा रकाना अटकेचा. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी अटक का केली, नुसती हजर राहण्याची नोटीस का दिली नाही, हे कारणांसह लिहायला लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्णेश कुमार निकालात हे बजावलं आणि मॅजिस्ट्रेटनीही ती कारणं तपासूनच कोठडी द्यावी असं सांगितलं. नव्या कायद्यात नोटिशीचं कलम ३५(३) आहे. मॅडमनी रिमांड रिपोर्टमधलं कारण वाचून दाखवलं: "आरोपी परराज्यातील असून पळून जाण्याची शक्यता." त्यावर त्यांनी कारखान्याचं हजेरीकार्ड आणि दोन वर्षांच्या पगाराच्या पावत्या दाखल केल्या.

तिसरा रकाना सरकार पक्षाच्या भीतीचा. फरार होईल, साक्षीदारांवर दबाव आणेल, पुरावा नष्ट करेल, पुन्हा गुन्हा करेल. यातली कोणती भीती नुसती छापील आहे आणि कोणत्या भीतीला कागदाचा आधार आहे, हे ओळखायला शिकणं हाच युक्तिवाद बघण्याचा उपयोग. आमच्या मुलावर आधीचा गुन्हा नव्हता आणि मुद्देमाल जप्त होता. सरकारी वकिलांनी फक्त परराज्याचा मुद्दा लावून धरला. तो मुद्दा खरा होता आणि पुढे आम्हाला तोच नडला.

५. आदेश शब्दन्‌शब्द उतरवा

दुपारी चारला आदेश झाला. मी वहीत "जामीन मंजूर" लिहून खाली दोन रेघा मारल्या. मॅडमनी वही बघितली आणि विचारलं, "कशावर मंजूर?" ते मी लिहिलंच नव्हतं.

आदेश असा होता: १५ हजार रुपयांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार, दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत दर सोमवारी दहा ते बारा पोलीस ठाण्यात हजेरी, साक्षीदारांशी संपर्क नाही, राहत्या पत्त्यात बदल झाला तर कळवणे.

जातमुचलका म्हणजे आरोपीने स्वतः लिहून दिलेली हमी, तारखेला आलो नाही तर एवढी रक्कम भरीन अशी. जामीनदार म्हणजे तीच हमी त्याच्यासाठी देणारा दुसरा माणूस. नुसत्या जातमुचलक्यावर सुटका असेल तर माणूस लवकर बाहेर येतो. "आणि तेवढ्याच रकमेचा जामीनदार" हे शब्द आले की खरी धावपळ तिथून सुरू होते. रक्कम, जामीनदार किती, रोख रकमेची मुभा आहे का, हजेरीचा वार आणि वेळ, हे सगळं तिथल्या तिथे उतरवा. प्रमाणित प्रतीसाठी त्याच दिवशी अर्ज टाका.

६. जामीनदार: बहुतेक वेळ इथे जातो

बुधवारी जामीन मंजूर झाला आणि मुलगा शनिवारी सुटला. मधल्या तीन रात्री तो तुरुंगातच होता. त्या रात्री कायद्याच्या कुठल्या मुद्द्यावर गेल्या नाहीत, कागदांवर गेल्या.

जामीनदाराला आणायला सांगताना ही यादी द्या. फोनवर सांगू नका, लिहून द्या, कारण एक कागद राहिला की पूर्ण दिवस जातो.

- आधार कार्ड आणि रेशन कार्ड, मूळ आणि झेरॉक्स
- दोन पासपोर्ट फोटो
- ऐपतीचा पुरावा: ताजा सातबारा आणि ८-अ, किंवा महापालिकेची घरपट्टीची पावती आणि उतारा, किंवा नोकरी असेल तर पगारपत्रक आणि मालकाचं पत्र
- कोर्टाने मागितला असेल तर तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला
- याआधी किती जणांना जामीन राहिलो, याचं निवेदन. बीएनएसएसच्या कलम ४८६ प्रमाणे ते प्रत्येक जामीनदाराने द्यावं लागतं आणि त्यात आताच्या आरोपीचीही मोजणी येते.

गुरुवारी सकाळी मुलाचा मामा गावाहून पहिल्या बसने आला. त्याच्या नावावर साडेतीन एकर जमीन, म्हणजे १५ हजारांच्या जामिनाला भरपूर. पण त्याने आणलेली पहाणी, म्हणजे तिकडचा सातबारा, पूर्ण कन्नडमध्ये होती. कोर्टातल्या लिपिकांनी कागद उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "मॅडम, हे मराठीत भाषांतर करून आणा, आणि तिकडच्या तहसीलची पडताळणी लागेल." पडताळणीला किती दिवस, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

दुसरा जामीनदार कारखान्यातला मुकादम. तो स्वतःहून आला, पोरगं चांगलं आहे म्हणाला. पण घर भाड्याचं, आणि पगार हातात रोख मिळतो, त्यामुळे पगारपत्रक नाही. मालक गावाला गेलेले, त्यांचं पत्र सोमवारी मिळेल म्हणाला. तोही बाद झाला.

मॅडमनी तेव्हा मला मोतीराम केस वाचायला लावली. १९७८ सालची, मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याची. मॅजिस्ट्रेटनी त्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला होता आणि त्याच्या भावाला नाकारलं, कारण भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. जामीनदार परजिल्ह्यातला आहे एवढ्याच कारणावरून त्याला नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाच सांगितलं. सोलापूरसारख्या सीमेवरच्या शहरात हा निकाल वहीत लिहून ठेवावा असा आहे. इंडी, अफझलपूर, आळंद इथून रोज माणसं कामाला येतात आणि त्यांचे नातेवाईक सीमेपलीकडचेच असतात. मामाला कोणी बाहेरचा म्हणून नाकारलं नव्हतं, कागदाची पडताळणी मागितली होती. निकाल बाजूने असूनही पडताळणीचे दिवस टळत नाहीत, हे मला त्या दिवशी समजलं.

*इथला सापळा:* कोर्टाच्या आवारात "जामीनदार पाहिजे का?" असं विचारणारी माणसं भेटतात. दोन-तीन हजार घेऊन कागदांसह उभे राहायला तयार असतात. त्या आईलाही एकाने गाठलं होतं आणि ती जवळपास तयार झाली होती. असा जामीनदार खोटा सातबारा लावतो किंवा आधी दहा जणांना जामीन राहिलेलं लपवतो. ते उघड झालं की त्याच्यावर गुन्हा, आणि आरोपीला पुन्हा नवा जामीनदार द्यावा लागतो, नाही तर पुन्हा आत. तुमच्यासमोर कोणी असं विचारताना दिसलं तर कुटुंबाला बाजूला घेऊन हे सांगा आणि आपल्या वकिलांना सांगा.

७. जामीनदार मिळत नसेल तर

हा टप्पा अनेकांना माहीत नसतो, म्हणून सावकाश सांगते. वाटा तीन आहेत.

पहिली, रोख जामीन. कलम ४९० प्रमाणे कोर्ट मुचलक्याऐवजी रोख रक्कम भरून घेऊ शकतं. शुक्रवारी सकाळी मॅडमनी अर्ज दिला: जामीनदाराची पडताळणी होईपर्यंत आरोपीला रोख जामिनावर सोडावं आणि जामीनदार देण्यासाठी चार आठवड्यांची मुदत मिळावी. सोबत मामाची पहाणी, मुकादमाचं निवेदन आणि आदेशानंतर दोन दिवस मुलगा आतच असल्याची नोंद. दुपारी एकला अर्ज मंजूर झाला.

दुसरी वाट, रक्कम कमी करण्याचा किंवा अट बदलण्याचा अर्ज. कलम ४८४ सांगतं की जामिनाची रक्कम परिस्थिती बघून ठरवावी आणि ती अवाजवी नसावी. इथे नुसतं "आरोपी गरीब आहे" लिहून भागत नाही. महिन्याची कमाई, घरातली माणसं, भाडं, असे आकडे द्या.

तिसरी वाट विधी सेवा प्राधिकरण. सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांप्रमाणे, जामीन होऊनही सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकांनी प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं. महिनाभरात हमी देता आली नाही तर कोर्ट स्वतःहून अटी शिथिल करायच्या का याचा विचार करू शकतं. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. घरच्यांना १५१०० हा हेल्पलाइन क्रमांक लिहून द्या.

पैसे आईने कुठून आणले? कारखान्यातल्या बायकांची भिशी होती. त्या महिन्याचा नंबर दुसरीचा होता, तिने सोडला. उरलेले मामाने दिले.

*इथला सापळा:* पैसे नाझर विभागात, म्हणजे कोर्टाच्या रोख रकमेचा हिशेब ठेवणाऱ्या विभागात, भरल्यावर मिळणारी पावती कोणाच्या नावाने निघते ते तिथेच बघा. रक्कम परत मिळते ती पावतीवरच्या नावाला. आमच्या पावतीवर आईचं नाव घालून घेतलं आणि तिला सांगितलं की केस संपेपर्यंत हा कागद रेशन कार्डाबरोबर ठेवायचा.

८. सुटकेचा आदेश तुरुंगापर्यंत

रक्कम भरली, पावती जोडली, की कोर्टातून तुरुंगाच्या नावे सुटकेचा आदेश निघतो. तो हातात येण्याआधी रिमांड वॉरंटशी जुळवून बघा: आरोपीचं नाव, वडिलांचं नाव, गुन्हा रजिस्टर नंबर, कलम, पोलीस ठाणं. तुरुंगात हे सगळं अक्षरन्‌अक्षर जुळवतात आणि एक फरक असेल तर आदेश परत येतो. आमच्या केसमध्ये रिमांड वॉरंटवर वडिलांचं नाव कन्नड उच्चाराप्रमाणे शेवटी "अप्पा" लावून होतं आणि सुटकेच्या आदेशात ते गळलं होतं. मॅडमच्या लक्षात आलं, दुरुस्ती झाली, त्यात पाऊण तास गेला.

आदेश तुरुंगात पोचेपर्यंत संध्याकाळची मोजणी होऊन कोठड्या बंद झाल्या होत्या. सुटका सकाळवर गेली. तिथे आणखी एक तपासणी होते, दुसऱ्या कुठल्या केसचं वॉरंट बाकी आहे का. ते असेल तर या केसमध्ये जामीन मिळूनही माणूस बाहेर येत नाही. घरच्यांना हे आधी विचारून ठेवा, कारण तुरुंगाच्या दारात कळलं की फार त्रास होतो.

शनिवारी सकाळी मी मॅडमना न विचारता तुरुंगाबाहेर गेले. आई साडेसातपासून उभी होती, पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. साडेनऊच्या सुमारास मुलगा बाहेर आला. आईने त्याला काही विचारलं नाही, आधी पाणी दिलं. मी त्याच्या हातात एक कागद दिला. त्यावर मोठ्या अक्षरांत मराठीत आणि मामाकडून लिहवून घेतलेल्या कन्नडमध्ये दोन ओळी होत्या: दर सोमवारी दहा ते बारा पोलीस ठाणे, आणि कोर्टाची पुढची तारीख. हजेरी चुकली तर सरकार पक्ष जामीन रद्द करायला अर्ज करू शकतो, हे मामाने त्याला कन्नडमध्ये समजावलं.

९. आठवडा संपल्यावर वहीत काय उरायला हवं

प्रत्येक केससमोर तीन तारखा लिहा. जामीन मंजूर झाल्याची, प्रत्यक्ष सुटल्याची, आणि पुढे काही पूर्ण करायचं असेल तर त्याची मुदत. माझ्या वीस अर्जांपैकी ज्यांचा जामीन झाला, त्यातल्या अनेकांच्या दुसऱ्या तारखेची जागा अजून कोरी आहे, कारण आदेश झाल्यावर मी पुढच्या पुकाऱ्याकडे वळले होते. आता मी दर दोन दिवसांनी त्या वकिलांना विचारते.

आमच्या मुलासमोरची तिसरी तारीख रोख जामिनाची मुदत संपण्याची आहे, सुटकेच्या आदेशापासून चार आठवडे. त्याआधी मामाच्या पहाणीचं भाषांतर आणि पडताळणी, किंवा मुकादमाच्या मालकाचं पत्र, यातलं एक फायलीत लागायला हवं. मुकादम सोमवारी पत्र घेऊन येतो म्हणाला आहे. मी अकराच्या आधी कोर्टाच्या दारात त्याची वाट बघणार आहे.